आकडा लिही, कारण लिहू नको

काय भो,

काल रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला, "काका, चौथ्यांदा लिहिलं न डिलीट केलं." सकाळी वाचला आणि पहिले तुझा रागच आला, खरं सांगतो. ज्या कंपनीसाठी कॉलेजपासून झुरतोय तिच्या रिक्रूटरने स्वतःहून दोनच प्रश्न विचारलेत, नोटीस पिरियड किती आणि कॉलला कधी वेळ आहे, आणि तू 90 दिवस हा आकडा लिहायला घाबरतोय.

मी हेच केलंय म्हणून बोलतोय. 2013 चा उन्हाळा, मी सुट्टीत रावेरला घरी होतो. शेतातल्या मोटारीला लाइट रात्रीची, त्यामुळे बाबा एक वाजता बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला गेलेले, आणि मी गच्चीवर, कारण डोंगलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. असाच एक मेल आला होता. आधी 90 दिवस लिहिलं, वाटलं हे लोक पळूनच जातील, खोडलं. मग "लवकरात लवकर" लिहिलं, ते पण खोडलं. मग चक्क 30 लिहिलं, बोट सेंडवर नेलं न मागे घेतलं. मग लांबलचक लिहित बसलो, प्रोजेक्ट कुठे अडकलाय, मॅनेजर कसा आहे, घरची परिस्थिती काय. वाचून माझीच मला लाज वाटली. तेवढ्यात बाबा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून परत आले, खालूनच म्हणाले, झोपला नाही का अजून? लॅपटॉप बंद केला. उत्तर पाठवलं पाचव्या दिवशी, आणि त्यांचं आलं की लिस्ट फायनल झाली. 90 दिवसांनी माझं काही बिघडलं नव्हतं रे, ते त्यांनी वाचलेच नव्हते, बिघडलं त्या पाच दिवसांनी.

म्हणून सांगतो, आकडा लिही, कारण लिहू नको. आपल्याकडे आयटीत 90 दिवस काही नवीन नाही, रिक्रूटर रोज बघतो. तो फक्त हिशोब मांडतो, राउंड व्हायला इतके आठवडे, ऑफर निघायला इतके, त्यापुढे तुझे 90. जमत असेल तर पुढे जातो, नसेल तर तुझी कारणं वाचूनही जमणार नाही. आणि 30 लिहिलं तर? ऑफर लेटरवर जॉइनिंगची तारीख त्याच हिशोबाने येते, इकडे मॅनेजर सोडत नाही, मग तारीख पुढे ढकल म्हणून तूच हातापाया पडतो, नाहीतर रिलीव्हिंग लेटर न घेताच निघतो आणि पुढच्या व्हेरिफिकेशनला तेच आडवं येतं.

आता बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटणं. हा शब्द लिहायच्या आधी तुझं अपॉइंटमेंट लेटर उघड न दोन गोष्टी बघ. एक, उरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर कापतात की ग्रॉसवर. समज तुझा बेसिक महिन्याला 42,000 आहे आणि ग्रॉस 75,000. 30 दिवस लवकर निघायचं तर बेसिकवर 42,000 भरावे लागतील आणि ग्रॉसवर 75,000, म्हणजे एका शब्दामागे 33,000 चा फरक. दुसरं, बायआउट तुझ्या मर्जीने मिळतो की कंपनीच्या मंजुरीने. बऱ्याच लेटरमध्ये मंजुरीच असते, म्हणून 60 दिवसात येतो असं कबूल करू नको. नवी कंपनी कधी हे पैसे भरून देते, पण ते ऑफरमध्ये लेखी असेल तरच धर, आणि त्यावर टॅक्स कापला जाऊ शकतो हे पण विचारून घे. आणि हातात लेखी ऑफर पडल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

मेल एवढाच: नोटीस पिरियड 90 दिवस, बायआउटची सोय आहे पण कंपनीच्या मंजुरीवर, कॉलला बुधवार किंवा गुरुवार संध्याकाळी सातनंतर जमेल. बस. "सॉरी" नको, "दुर्दैवाने" नको, मॅनेजर नको. आकडा लिही, कारण लिहू नको, किती वेळा सांगू?

तू म्हणशील काकांचं कुठे काय अडलं. नाहीच अडलं. त्या कंपनीत गेलो असतो तर बंगलोरला असतो, बाबांच्या शेवटच्या दोन वर्षात दर शनिवारी रावेरला येणं झालं नसतं, आणि ते मी कोणत्याही पॅकेजला दिलं नसतं. पण ते मी ठरवून निवडलं नव्हतं भो, गच्चीवर बसून खोडत राहिलो म्हणून तसं झालं, हे मला माहितीये, आणि अजून कधी कधी रात्री तो मेल मनात पूर्ण लिहून होतो.

रविवारी घरी ये, काकू भरीत करणार आहे. अपॉइंटमेंट लेटर सोबत आण, तो क्लॉज आपण दोघं वाचू. पण मेल रविवारपर्यंत ठेवायचा नाही, आज जेवायच्या आधी पाठव आणि मला मिस कॉल दे.

तुझा काका