हिशेबात उरणारे बारा हजार

"मॅडम, दोघांचे मिळून साठ हजार हातात येतात. व्यसन नाही, उधळपट्टी नाही. तोंडी हिशेब केला तर महिन्याला बारा हजार तरी उरायला हवेत, पण उरत काहीच नाही. हे म्हणतात, तूच कुठेतरी खर्च करतेस. मला वाटतं, हेच काहीतरी लपवतात."

इतक्या जोडप्यांनी मला हे जवळपास याच शब्दांत सांगितलं आहे, की एका घराची गोष्ट मांडायची असं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भांडणात चूक कोणाची, हे मी सहसा शोधत नाही. दोघांच्या मध्ये असं काय आहे जे दोघांनाही दिसत नाही, ते आधी बघते. या घरात ती गोष्ट आकड्यांत होती.

मी तिला म्हटलं, "घरखर्च सांगा, जसा सुचेल तसा." ती बोलत गेली, मी शब्दशः लिहून घेतलं. "हप्ता साडेअठरा हजार. किराणा साडेसात. दूध रोज दीड लिटर, साठ रुपयांनी. भाजी-फळं आठवड्याला साडेसातशे. सिलिंडर नऊशेचा, दीड महिना पुरतो. व्हॅन बाराशे, पण दहाच महिने. बाईंना अठराशे, दिवाळीत एक पगार जास्तीचा..."

या बोलण्यात रोज, आठवडा, दीड महिना, तिमाही, वर्ष अशी पाच-सहा मापं मिसळलेली असतात. म्हणून कागदावर रकमेच्या शेजारी एक रकाना मी हमखास आखते: 'वर्षातून किती वेळा'. आधी वर्षाची रक्कम काढायची आणि मगच बाराने भागायचं. आठवड्याला चारने गुणण्याची सवय इथेच फसवते, कारण वर्षात आठवडे ५२ असतात. ७५० रुपयांची भाजी महिन्याला ३,००० नव्हे, ३,२५० रुपयांची होते. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा मारावा लागतो. दोन फोनचे मिळून ६०० धरले, तर महिन्याला पडतात ६५०. व्हॅनचे उलट कमी होतात: १२ हजार भागिले बारा, म्हणजे १,०००.

जिथे "बाराशे ते दोन हजार" असं उत्तर येतं, तिथे मधला आकडा मी धरत नाही. विजेची मागची बारा बिलं काढायला लावली. उन्हाळ्याचे महिने धरून सरासरी १,५०० निघाली.

मध्येच तो म्हणाला, "आणि कार्डाचं बिल नऊ हजार, ते राहिलंच."

"कार्डावर काय काय घेता?"

"किराणा. पेट्रोल. कधी हॉटेल."

"मग ते तीन ओळींत आधीच आलंय."

कार्डाचं बिल, एटीएममधून काढलेले पैसे, यूपीआयने दिलेले पैसे हे पैसे देण्याचे मार्ग आहेत, खर्चाचे वर्ग नव्हेत. ती ओळ ठेवली असती तर एकच किराणा दोनदा मोजला गेला असता. पगाराचंही तसंच. भविष्यनिर्वाह निधी कापून हातात आलेली रक्कम मिळकतीत धरली असेल, तर तोच निधी पुन्हा बचतीत लिहायचा नाही.

पुढच्या भेटीला त्याने सगळं एक्सेलमध्ये उतरवून आणलं. बेरीज माझ्या कागदापेक्षा २,२०० रुपयांनी कमी. औषधांच्या चौकोनात त्याने 'रु. २,२००' असं लिहिलं होतं. `SUM` अशा चौकोनाला मजकूर समजून सोडून देतं. बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेले आणि हा एकटा डावीकडे, त्यावरून ते सापडलं. दुरुस्त झाल्यावर तक्ता असा झाला:

| वर्ग | त्यात काय | दरमहा (रु.) |
|---|---|---|
| घर | कर्जाचा हप्ता १८,५००. सोसायटी १,५०० | २०,००० |
| स्वयंपाकघर | किराणा ७,५००, दूध २,७४०, भाजी-फळं ३,२५० | १३,४९० |
| बिलं | वीज १,५००, गॅस ६००, फोन ६५० | २,७५० |
| मुलाचं शिक्षण | फी ३,५००, व्हॅन १,०००, गणवेश-पुस्तकं ७५० | ५,२५० |
| प्रवास | पेट्रोल २,६००. दुचाकीची देखभाल व विमा ५०० | ३,१०० |
| आरोग्य | सासूबाईंची औषधं २,२००. आरोग्य विमा १,८०० | ४,००० |
| घरकाम | बाईंचे तेरा पगार | १,९५० |
| बचत | भिशी ३,०००. आयुर्विमा २,००० | ५,००० |
| सण, गाव, आहेर | वर्षाचे ६०,००० | ५,००० |
| बाहेर जेवण | महिन्यातून दोनदा | २,२०० |
| एकूण खर्च | | ६२,७४० |
| मिळकत | | ६०,००० |
| तूट | | २,७४० |

तूट पाहून ती गप्प झाली. तो म्हणाला, "शक्यच नाही."

अशा वेळी समजूत घालण्यापेक्षा पडताळणी बरी. २,७४० गुणिले बारा, म्हणजे वर्षाला ३२,८८०. मी विचारलं, "मागच्या वर्षी एवढे पैसे कुठून आले?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तीस हजारांची ठेव मोडली होती," ती म्हणाली, "फी आणि विमा एकाच महिन्यात आले तेव्हा." तक्ता खरा आहे की नाही, हे मी नेहमी असंच तपासते. वर्षाच्या सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक, मोडलेल्या ठेवी आणि घेतलेली उसनवारी यांच्याशी तूट साधारण जुळली पाहिजे. दोन-तीन हजारांचा फरक चालतो. वीस हजारांचा निघाला, तर एखादं वाक्य सांगायचंच राहिलेलं असतं.

मग मी पेन्सिल घेतली आणि जे पैसे दर महिन्याला द्यावे लागत नाहीत, त्या ओळींवर खुणा केल्या: सोसायटी, फी, गणवेश-पुस्तकं, दुचाकी, दोन्ही विमे, बाईंचा दिवाळीचा पगार, सण. बेरीज १५,२००. एकूण खर्चातून त्या वजा केल्या तर राहतात ४७,५४०, आणि साठ हजारांतून तेवढे गेले की उरतात १२,४६०.

"हेच ते बारा हजार," मी म्हटलं.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुम्ही कुठे देत नव्हता." तो म्हणाला, "आणि तू पण."

माझ्या कामातले हे क्षण मला फार मोलाचे वाटतात. इतकी वर्षं तो आकडा दोघं एकमेकांच्या नावावर टाकत आले होते. तोंडी हिशेबात फक्त दर महिन्याचे खर्च आठवतात. तिमाही आणि वार्षिक खर्च त्या त्या वेळी संकटासारखे येतात आणि 'यंदा जरा जास्तच झालं' म्हणून विसरले जातात. माणसं खोटं बोलत नसतात, पण त्या बोलण्यावरून संशय मात्र खरा वाटू लागतो. म्हणून पैशावरून भांडणाऱ्या जोडप्याला मी आधी स्वभावाबद्दल विचारत नाही, खर्च सांगायला लावते.

पुढचा उपाय त्यालाच सुचला. "आपण एका बाजूने भिशी भरतोय आणि दुसऱ्या बाजूने ठेव मोडतोय." अर्धवट भिशी सोडणं बरं दिसत नाही, पण ती दोन महिन्यांत संपणार होती. पुन्हा धरायची नाही असं ठरलं. त्याने खर्च ५९,७४० वर आला. खुणा केलेल्या ओळींचे १५,२०० पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे. पहिल्याच महिन्यात मोठी फी आली तर ते खातं अपुरं पडेल, म्हणून सुरुवात दिवाळीच्या बोनसमधून दहा हजार घालून केली. वर्षाला ३,१२० रुपयेच शिल्लक राहतात, त्यामुळे फी किंवा विम्याचा हप्ता वाढला की तक्ता लगेच तुटीत जाईल. तो दर जूनमध्ये, शाळेचं नवं पत्रक हातात आल्यावर, दोघांनी मिळून पुन्हा भरायचा असं त्यांना लिहून दिलं आहे.