उलट भाषांतर शब्दाला शब्द जुळलं, तरी मराठी चुकलेलं असू शकतं

प्रश्न: आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर द्यायचं इंग्रजी सूचनापत्रक मी मशीनने मराठीत करून घेतलं. मी इंग्रजी माध्यमात शिकलो, मराठी बोलतो, पण लेखी मराठी तपासण्याइतकी पक्की नाही. म्हणून तेच मराठी परत इंग्रजीत करून पाहिलं, तर जवळजवळ शब्दाला शब्द मूळ मजकूर आला. आता छापायला हरकत नाही ना?

उत्तर:

अजून छापायला देऊ नका. मी बारा वर्षं पेशंटच्या हातात जाणारी पत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत करते, आणि अलीकडे मशीनने केलेली तपासतेही. उलट भाषांतर शब्दाला शब्द जुळलं की ती ओळ मी आधी वाचायला घेते, कारण सगळ्यात वाईट मराठी बरेचदा तिथेच सापडतं.

मोतीबिंदूच्या पत्रकात हमखास असणारं एक वाक्य घ्या: काही दिवस 'फॉरेन बॉडी सेन्सेशन' जाणवेल. याचं 'विदेशी शरीराची संवेदना' झालेलं मी स्वतः पाहिलंय. ते परत इंग्रजीत टाका, 'फॉरेन बॉडी सेन्सेशन' असंच्या असं मिळेल. विदेशी म्हणजे फॉरेन, शरीर म्हणजे बॉडी, संवेदना म्हणजे सेन्सेशन. सगळे सुटे भाग जागच्या जागी परत आले. पण ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या आजोबांना यातून काहीच कळत नाही. याच जागी कुणी नीट मराठी लिहिलं, 'डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं, खुपल्यासारखं वाटेल', तर ते उलटल्यावर इंग्रजीत 'डोळ्यात काहीतरी गेलंय असं, टोचल्यासारखं वाटेल' अशा अर्थाचं काहीतरी येईल. मूळ वैद्यकीय शब्द गायब. तुमच्या पद्धतीने तपासलं तर पहिलं वाक्य पास होतं आणि दुसऱ्यावर लाल खूण पडते.

याचं कारण असं की उलट भाषांतरातून फक्त एवढंच कळतं की या मराठीवरून मूळ इंग्रजी पुन्हा उभं करता येतं का. इंग्रजी माहीत नसलेल्या माणसाला ते मराठी समजतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिथे मिळत नाही. इंग्रजीची रचना जितकी जशीच्या तशी उचलाल, तितकं परत जाणं सोपं.

हे आजची मशीन भाषांतरं येण्याच्या आधीपासून माहीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन या मानसशास्त्रज्ञाने प्रश्नावल्यांची भाषांतरं उलट करून तपासण्याची पद्धत 1970च्या एका लेखात नीट मांडली, आणि ती फसवू शकते याची तीन कारणंही तिथेच दिली. दोन्ही बाजूंच्या भाषांतरकारांचे काही शब्दांसाठी ठरलेले संकेत सारखेच असतात, मग ते शब्द एकमेकांना जुळोत वा न जुळोत. उलट भाषांतर करणारा हुशार असेल तर वाईट मजकुरातूनही अर्थ काढतो. आणि मूळ भाषेचं व्याकरण भाषांतरात तसंच राहून गेलेलं असलं तर परतीची वाट त्याला आयतीच मिळते. ब्रिस्लिन माणसांबद्दल लिहीत होते. मशीनमध्ये ही तिन्ही कारणं एकदमच हजर असतात.

दुसरं कारण तुम्ही आत्ता घरबसल्या पडताळू शकता. मुद्दाम मोडकं मराठी लिहा: 'थेंब डोळा मध्ये टाका दिवस चार वेळा'. ते इंग्रजीत करून घ्या. बहुतेक वेळा 'दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाका' या अर्थाचं सुरेख, व्याकरणशुद्ध इंग्रजी मिळेल. मशीनला सफाईदार वाक्य लिहायचं वळण लागलेलं असतं, त्यामुळे ते मराठीतली मोडतोड वाटेतच दुरुस्त करून टाकतं आणि तुम्हाला ती दिसतच नाही.

आता तुमच्या पत्रकात कुठे काय लपलेलं असू शकतं ते पाहू.

'ऑपरेटेड आय' हा शब्दप्रयोग शोधा. त्याचं एकदा 'संचालित डोळा' होऊन माझ्याकडे आलं होतं. 'संचालित' म्हणजे चालवलेलं. अमुक संस्था संचालित शाळा, तसं. इंग्रजीत शस्त्रक्रिया करणं आणि संस्था चालवणं या दोन्हींना एकच क्रियापद चालतं, म्हणून परतताना 'ऑपरेटेड आय' अगदी बिनचूक आलं. एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ असतील आणि मशीनने चुकीचा उचलला असेल, तर उलट भाषांतर त्या दोन्ही अर्थांना पुन्हा एकाच शब्दात कोंबतं, आणि चूक पुसली जाते. मराठीत साधं 'ऑपरेशन झालेला डोळा' म्हणतात.

दुसरा शब्द 'डिस्चार्ज'. 'डोळ्यातून डिस्चार्ज आल्यास लगेच फोन करा' हे उलटल्यावर शंभर टक्के जुळणार, कारण शब्द बदललेलाच नाही, फक्त लिपी बदलली. पण आपल्याकडे पेशंट 'डिस्चार्ज' हा शब्द रोज वापरतात तो दवाखान्यातून घरी सोडण्यासाठी. 'डिस्चार्ज मिळाला का?' असंच विचारतात. डोळ्याच्या बाबतीत ते 'पू येतोय', 'घाण येते', 'चिकट पाणी येतं' म्हणतात. ऑपरेशननंतर पू येणं हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं, म्हणजे ज्या ओळीवर पेशंटने धावत यायचं तीच ओळ त्याला कळणार नाही. देवनागरीत लिहिलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली म्हणूनच रेघ मारा. 'फोन', 'ऑपरेशन', 'डॉक्टर' राहू द्या. बाकीच्या प्रत्येकाची चौकशी करा.

तिसरी जागा मराठीची स्वतःची आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. 'वुई विल रिमूव्ह द पॅच द नेक्स्ट डे' याचं मराठी 'आपण दुसऱ्या दिवशी पट्टी काढू' असं आलं होतं. इंग्रजी 'वुई'साठी मराठीत दोन शब्द आहेत: 'आम्ही' म्हटलं तर ऐकणारा त्यात नाही, 'आपण' म्हटलं तर आहे. दोन्ही परत जाताना 'वुई'च होतात, त्यामुळे उलट भाषांतराला हा फरक दिसूच शकत नाही. छापण्याआधी मी ते पत्रक एका आजींना वाचून दाखवलं. पट्टी कधी निघणार, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी. सून काढेल, मी धरीन." त्यांनी वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं, चुकलं होतं ते वाक्य. आम्ही ते 'दुसऱ्या दिवशी दवाखान्यात या. पट्टी डॉक्टर किंवा नर्स काढतील. घरी काढू नका' असं केलं. याचं उलट भाषांतर मूळ वाक्याशी अजिबात जुळत नाही, आणि ते तसंच राहू दिलं.

तुमच्याकडे सोबत संमतीपत्र असेल तर आणखी एक शब्द बघा. 'ऑब्जेक्शन'साठी कधीकधी 'आपत्ती' येतो. हिंदीत तो हरकत या अर्थाने चालतो, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. बऱ्याच मशीनमध्ये एकच यंत्रणा हिंदी आणि मराठी दोन्ही सांभाळते, त्यामुळे तो शब्द परत 'ऑब्जेक्शन' होऊन निमूटपणे निघून जातो.

म्हणजे उलट भाषांतर फेकून द्यायचं का? नाही, मी ते दर वेळी करते, पण ठरावीक गोष्टींसाठीच. गळलेली ओळ, बदललेला आकडा, डाव्याचं झालेलं उजवं, हरवलेलं 'नका' हे त्यात चांगलं पकडलं जातं. पत्रक एका ओळीत एक वाक्य असं मांडा, मराठी मजकूर दुसऱ्याच कंपनीच्या मशीनमध्ये टाका, आणि इंग्रजीशी ताडताना फक्त चार गोष्टी बघा: ओळी तितक्याच आहेत का, आकडे तेच आहेत का, डोळा तोच आहे का, नकार जागेवर आहे का. दिवसातून चार वेळा, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, असे आकडे एकेक करून बोट ठेवून तपासा. यात फरक दिसला तर चूक जवळजवळ नक्की आहे. फरक दिसला नाही तर एवढंच ठरलं की या चार गोष्टी ठीक आहेत. दुसरं मशीन घेतल्याने 'संचालित'सारखी चूक कधीकधी उघडी पडते, पण 'आपण' आणि 'डिस्चार्ज' तिथूनही सुटतात, कारण ते इंग्रजीच्याच मर्यादेमुळे सुटतात.

अर्थासाठी दोन कामं करा. पहिलं, मूळ इंग्रजीच सोपं करून मग मशीनला द्या. 'फॉरेन बॉडी सेन्सेशन'ऐवजी डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटेल, 'डिस्चार्ज'ऐवजी डोळ्यातून पू किंवा चिकट पाणी आल्यास, 'वुई'ऐवजी नर्स किंवा डॉक्टर, असं साध्या इंग्रजीत लिहा. निम्म्या चुका तिथेच थांबतात, आणि तुमचं इंग्रजी पक्कं असल्याने हे काम तुम्हाला चांगलं जमेल.

दुसरं, इंग्रजी कागद बाजूला ठेवून मराठी पत्रक अशा दोन-तीन माणसांना द्या ज्यांनी मूळ पाहिलेलं नाही आणि ज्यांचा वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नाही. दवाखान्यातली नर्स नको. तिला सगळं आधीच ठाऊक असतं, ती मोडक्या वाक्यातूनही बरोबर अर्थ काढेल. पेशंटसोबत आलेले नातेवाईक उत्तम. 'कळलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: थेंब कोणत्या डोळ्यात टाकाल? एक औषध टाकल्यावर दुसरं कधी टाकाल? पट्टी कोण काढणार? काय झालं तर आम्हाला फोन कराल? उत्तर त्यांच्या शब्दांत येऊ द्या आणि ते शब्द लिहून घ्या. 'घाण येते' हा शब्द मला असाच एका बाईंकडून मिळाला होता.

त्यानंतर मराठीत जी ओळ हाताने बदलाल तेवढी पुन्हा एकदा उलटी करून आकडे आणि डावा-उजवा बघून घ्या. माझ्या हातून 'पाच मिनिटं'ची जागा एकदा अशाच शेवटच्या दुरुस्तीत चुकली होती, आणि ती उलट भाषांतरानेच दाखवली.