नऊवारीचा काष्टा मागे सरळ कसा येईल

मॉडेलला आधी पायांत वीतभर अंतर ठेवून उभं करा. पाय जुळवून काष्टा ओढला तर चालताना तो ताणतो, पुढच्या निऱ्या वर चढतात आणि पोटऱ्या उघड्या पडतात. कमरेची गाठ घट्टच हवी, सगळा भार तिच्यावर असतो. पदराची लांबी ठरवून खांद्यावर पिन करा, मग उरलेल्या कापडाच्या साधारण पाच बोटं रुंद निऱ्या घाला. त्यांचा खालचा काठ पायांमधून मागे घ्या, चुण्या करा आणि वरच्या चुणीत काठ पूर्ण दिसेल असा कमरेच्या मधोमध खोचा. पैठणीचा जरीकाठ जाड असतो, त्यामुळे चुण्या कमीच बऱ्या, नाहीतर मागे गठ्ठा दिसतो. शेवटची पिन लावण्याआधी मॉडेलला एकदा बसवून उठवा. काठ तिरका झाला तर वरून ओढू नका, काष्टा सोडून पुन्हा खोचा.