‘नवशिक्षा’ म्हणजे नवी कोणती शिक्षा?

प्रश्न : आमच्या स्टार्टअपसाठी (शाळकरी मुलांचं शिकवणीचं ॲप) शेवटच्या तीन नावांत ‘नवशिक्षा’ सगळ्यांना आवडलंय. मराठीत जरा विचित्र वाटतं, पण बाकी भारतात ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षणच ना? इंग्रजीत काही अडचण येईल का?

‘बाकी भारत’ म्हणजे हिंदी, हा गैरसमज आधी सोडा. बंगाली, असमिया, ओडिया, नेपाळी या भाषा हिंदीच्या बाजूला आहेत, तिथे शिक्षा म्हणजे शिक्षणच. पण गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम आपल्या बाजूला. कन्नडात ‘शिक्षे’ भोगतात. भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘शिक्षास्मृति’ म्हणत आले आणि मल्याळममध्ये ‘शिक्षानियमम्’. कोचीतल्या पालकाला तुमचं ॲप फौजदारी कायद्यातली ताजी दुरुस्ती वाटेल.

आता माझं दुखणं. ‘मी पुण्यात उच्च शिक्षा घेतली,’ असं आमच्या सोसायटीतला एक मुलगा मला अभिमानाने सांगतो. मी विचारलं, किती वर्षांची? साधी की सक्तमजुरीची? तो हसला नाही. शाळांच्या भिंतींवर सरकारच ‘समग्र शिक्षा’ लिहितं, तिथे त्याला काय बोलायचं?

वर हिंदीवाले शुद्धतावादी ऐकवतात की मूळ संस्कृत अर्थ त्यांनी जपला आणि मराठीने बिघडवला. हे अर्धवट आहे. मूळ अर्थ ‘शिक्षण’ही नव्हे. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची. या शब्दांत धातूचा पहिला भाग दुप्पट होतो. लभ् आणि शक् यांच्या बाबतीत मात्र ती दुप्पट गळते आणि ‘अ’चा ‘इ’ होतो. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय (७.४.५४). लभ् वरून लिप्सा, तशी शक् वरून शिक्षा. म्हणजे शिक्षा ही ‘शकण्याची इच्छा’! ‘मला जमावं’ असं वाटणं! इतका सुंदर शब्द, आणि धातुपाठ कोरडेपणाने ‘शिक्ष विद्योपादाने’ असा स्वतंत्र धातू लिहून मोकळा होतो. तेवढंच वाचून ‘शक् शी संबंध नाही’ म्हणणाऱ्या पंडितांनी सूत्रही उघडून पाहावं.

मग दंड कुठून आला? ‘धडा शिकवतो थांब,’ या वाक्यातून. शास् धातूतही हेच घडलं: शास्त्र तिथलं आणि पिंपरी-चिंचवडकरांना एकेकाळी घाम फोडणारा शास्तीकरही तिथलाच. माझा तर्क असा: ज्या भाषांनी शिकण्यासाठी ‘शिक्षण’ किंवा ‘विद्या’ घेतली, तिथे ‘शिक्षा’ मोकळी राहिली आणि दंडाच्या कामाला लागली. बंगालीने शिकण्याला शिक्षा ठेवली, म्हणून दंडाला ‘शास्ति’ आणावी लागली. तरी तिथेही एखाद्याला ‘उचित शिक्षा’ देणं म्हणजे चांगली अद्दल घडवणंच. शब्दाचा हा स्वभाव कुठेच पुरता गेलेला नाही.

हो, तुमचं नाव राहिलं. इंग्रजीचं बघा. अमेरिकेतल्या इंग्रजीत यिद्दिशमधून आलेला ‘शिक्सा’ हा शब्द आहे. ज्यू नसलेल्या बाईला तो तुच्छतेने म्हणतात आणि त्याच्या मुळाशी असलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘किळसवाणी वस्तू’ असा आहे. shiksha हे स्पेलिंग पाहून तिथल्या माणसाला ‘शिक्सा’ आठवू शकतो. फक्त भारतात विकणार असाल तर ही काळजी सोडून द्या. न्यू जर्सीतल्या मराठी मुलांपर्यंत जायचं असेल तर नाही.

तपासणी शब्दकोशाने पुरी होत नाही, कारण शब्दकोशात ध्वनी सापडत नाही. प्रत्येक भाषेची दोन माणसं गाठा, एक विशीतलं आणि एक साठीतलं. नाव लिहून दाखवू नका, फोनवर म्हणा. ‘वाईट अर्थ आहे का?’ हेही विचारू नका, समोरचा भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो. ‘हे दुकान कशाचं असेल?’ असं विचारा. मग तेच नाव रोमनमध्ये लिहून परक्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तुमच्या नावाला मल्याळी आजोबा ‘वकिलाचं’ म्हणाले, तर बाकीच्यांना विचारायची गरज नाही.

उरलेली दोन नावं तुम्ही कळवलीच नाहीत. त्यांत ‘दीक्षा’ असेल तर आधी सांगा, त्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर माझं बऱ्याच जणांशी भांडण आहे.