स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्हाआधी स्पेस द्यायची की नाही?

प्रश्न: मी मेसेजमध्ये शब्द संपला की स्पेस देऊन मगच स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह टाकते. सुटसुटीत दिसतं. बहीण म्हणते चूक आहे. नक्की काय करायचं?

बहिणीचं बरोबर आहे. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि स्पेस त्यांच्यानंतर एकदाच द्यायची. म्हणजे "ताई , उद्या येतेस का ? गाडी ७ ला आहे ." असं न लिहिता "ताई, उद्या येतेस का? गाडी ७ ला आहे." असं लिहायचं.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ओळ कुठे तोडायची हे मोबाइल स्पेस बघून ठरवतो. "का" आणि "?" यांच्यात स्पेस असली आणि ओळ नेमकी तिथे भरली, तर प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. तुमच्या स्क्रीनवर ते दिसणारही नाही, कारण समोरच्याच्या फोनची रुंदी आणि अक्षरांचा आकार वेगळा असतो. फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात, पण तिथे ओळ तुटू न देणारी खास स्पेस वापरतात. आपल्या कीबोर्डवरची साधी स्पेस ते काम करत नाही.

ही सवय बऱ्याचदा टायपिंगमुळे लागते. रोमन अक्षरांत लिहून मराठी करताना शब्द बदलावा म्हणून आपण स्पेस दाबतो आणि मग स्वल्पविराम देतो. मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यामागे स्पेस आपोआप येते. काही कीबोर्ड चिन्ह टाकताच ती काढून टाकतात, काही तशीच ठेवतात. राहिली तर बॅकस्पेस एकदा दाबून मग चिन्ह द्या. शब्द बदलण्यासाठी थेट स्वल्पविराम दाबूनही बघा, बहुतेक ठिकाणी चालतं.

मराठीत एका चिन्हाची गोष्ट मात्र वेगळी आहे, ते म्हणजे अपूर्णविराम. "वेळ: १०" असं चिकटवून लिहिलं की ती दोन टिंबं विसर्गासारखी दिसतात, आणि कितीतरी जण खरोखरच विसर्ग टाइप करतात. म्हणून वर्तमानपत्रांत "पुणे : " असं आधी जागा सोडून छापलेलं दिसतं. ते मला योग्यच वाटतं.

आधी लिहून ठेवलेला मोठा मजकूर सुधारायचा असेल तर "शोधा आणि बदला"मध्ये स्पेस आणि स्वल्पविराम शोधून त्या जागी नुसता स्वल्पविराम घाला. एकही सापडेनासा होईपर्यंत हे पुन्हा करा, कारण कुठे दोन स्पेस पडलेल्या असतात. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्हासाठीही हेच. उलट काम, म्हणजे प्रत्येक स्वल्पविरामानंतर स्पेस घालणं, असं एका फटक्यात करू नका. "१,२५,००० रुपये"चं "१, २५, ००० रुपये" होऊन बसेल. ते डोळ्यांनी बघतच करावं लागतं.