ओपन-लूप पोल उजवीकडे असताना -१ भोवतीचे वेढे कसे मोजायचे

प्रश्न: बडोद्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. L(s) = 20/((s-1)(s+2)(s+5)) याचा पोलर प्लॉट काढला. तो -१ च्या डावीकडून सुरू होऊन खालून फिरतो. वर्गात सांगितलं होतं की -१ ला वेढा पडला की सिस्टिम अनस्टेबल. पण क्लोज्ड-लूपची मुळं काढली तर तिन्ही डावीकडे येतात. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचा आलेखही बरोबर आहे आणि मुळंही. वर्गातला नियम मात्र अर्धाच आहे. हॅरी नायक्विस्टने १९३२ साली बेल सिस्टम टेक्निकल जर्नलमध्ये हा निकष मांडला, तेव्हा त्याच्यासमोर टेलिफोनचे फीडबॅक अँप्लिफायर होते. लूप तोडला तरी ते शांत राहत, म्हणून तिथे 'वेढा नको' एवढं म्हणणं पुरत होतं. तुमच्या L(s) मध्ये s = 1 ला एक पोल बसला आहे. इथे वेढा हवाच, आणि तोही ठरावीक दिशेने.

कारण समजून घ्या, म्हणजे चिन्हं पाठ करावी लागणार नाहीत. आपण खरं तर 1 + L(s) कडे बघत असतो. त्याचे पोल म्हणजे ओपन-लूपचे पोल आणि त्याचे झीरो म्हणजे क्लोज्ड-लूपचे पोल. आता s ला पूर्ण उजव्या अर्ध्या प्रतलाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरवा. आत सापडलेला प्रत्येक झीरो 1 + L ला मूळबिंदूभोवती त्याच दिशेने एक फेरी देतो आणि प्रत्येक पोल उलट दिशेने एक फेरी देतो. 1 + L चा मूळबिंदू म्हणजेच L च्या आलेखातला -१. उजवीकडचे ओपन-लूप पोल P, घड्याळाच्या उलट पडलेले वेढे N आणि उजवीकडचे क्लोज्ड-लूप पोल Z मानले, तर

Z = P - N

स्थैर्यासाठी Z = 0 हवं, म्हणजे N = P. तुमच्याकडे P = 1 आहे, तेव्हा घड्याळाच्या उलट बरोबर एक वेढा पडायला हवा. काही पुस्तकं N घड्याळाच्या दिशेने मोजतात आणि Z = P + N लिहितात. दोन्ही चालतात, फक्त एका उत्तरात दोन्ही मिसळू नका.

आता २० च्या जागी K ठेवून पाहू. s = jω घातल्यावर छेद असा येतो:

-(10 + 6ω²) + jω(3 - ω²)

ω = 0 ला L = -K/10, म्हणजे आलेख ऋण अक्षावर सुरू होतो. ω थोडं वाढलं की छेदाचा काल्पनिक भाग धन असतो, म्हणून L अक्षाच्या खाली उतरतो. ω² = 3 ला काल्पनिक भाग शून्य होतो आणि आलेख -K/28 पाशी पुन्हा अक्ष ओलांडून वर येतो. तिथून तो वरच्या बाजूने मूळबिंदूत शिरतो.

पोलर प्लॉट इथेच संपतो, पण निकष इथे संपत नाही. ऋण ω साठी त्याचं वास्तव अक्षातलं प्रतिबिंब जोडावं लागतं. दांडिया बाजारात संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मुलं याच पायरीवर अडकतात: फक्त अर्धी आकृती बघतात आणि 'अर्धा वेढा' कसा धरायचा ते त्यांना कळत नाही. प्रतिबिंब जोडलं की दोन कप्पे दिसतात. मोठा कप्पा -K/10 पासून -K/28 पर्यंत असतो आणि तो घड्याळाच्या उलट फिरतो. छोटा -K/28 पासून मूळबिंदूपर्यंत असतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरतो. प्रश्न इतकाच उरतो की -१ कुठे पडतो.

K = 5 असेल तर आलेख -०.५ पासूनच सुरू होतो, -१ दोन्ही कप्प्यांच्या बाहेर राहतो. N = 0, म्हणून Z = 1. वेढा नाही, तरी अनस्टेबल. K = 20 ला आलेख -२ आणि -०.७१ पाशी अक्षाला भेटतो, -१ मोठ्या कप्प्यात येतो. N = 1, Z = 0, स्टेबल. K = 40 ला भेटीच्या जागा -४ आणि -१.४३ होतात, -१ छोट्या कप्प्यात जातो. N = -1, म्हणून Z = 2. एकूण 10 < K < 28 एवढाच पट्टा स्टेबल आहे. राउथची सारणी s³ + 6s² + 3s + (K - 10) वर लावा, हाच पट्टा मिळेल.

परीक्षेत प्रतिबिंब काढायला वेळ नसेल तर -१ वर पेन्सिलचं टोक ठेवा आणि ω शून्यापासून अनंतापर्यंत जाताना आलेखाकडे जाणारी रेषा किती वळते ते बघा. ती घड्याळाच्या उलट निव्वळ P × १८०° वळायला हवी. K = 20 ला ती डावीकडे रोखलेली असते, खालून फिरून उजवीकडे येते: उलट दिशेने १८०°, म्हणजे बरोबर. K = 40 ला ती आधी किंचित खाली झुकते, पुन्हा डावीकडे येते आणि मग वरून उजवीकडे जाते. दिशा नेमकी उलटली, म्हणून नापास.

आता तुमच्या K = 20 बद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण 'स्टेबल' एवढं लिहून थांबलात तर हातातली महत्त्वाची माहिती सुटेल. इथे गेनला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे: निम्मा केला तरी सिस्टिम कोसळते आणि १.४ पट केला तरी. फेज मार्जिन तर जेमतेम ५° आहे. ω सुमारे १.२९ ला |L| = 1 होतं, म्हणून लूपमध्ये साधारण ०.०७ सेकंदाचा उशीर आला तरी ते ५° संपतात. मुळांतही हेच दिसतं: एक जोडी -0.11 ± 1.31j च्या आसपास आहे, म्हणजे सिस्टिम बराच वेळ डोलत राहील. गेन बदलून हे सुटत नाही. -१८०° पासून या आलेखाचं अंतर स्थिर पट्ट्यात कुठेही ८° च्या वर जात नाही. लीड कॉम्पेन्सेटर लावून मोठा कप्पा फुगवावा लागेल.

तेव्हा कोणी सुचवेल की कंट्रोलरमध्ये (s-1) घालून तो पोलच उडवून टाका. ते करू नका. पोल L च्या सूत्रातून जाईल, P शून्य दिसेल, आलेखही देखणा येईल, पण प्लांटच्या आतली ती अस्थिर हालचाल तशीच वाढत राहील. P हा आकडा आलेख कधीच सांगत नाही. तो प्लांट आणि कंट्रोलर वेगवेगळे लिहून, काहीही न छाटता मोजायचा असतो.

मॅटलॅब असेल तर ताळा असा:

```
L = zpk([], [1 -2 -5], 20);
nyquist(L)
pole(feedback(L,1))
```

२० च्या जागी ५ आणि ४० घालून बघा. दर वेळी आधी कागदावर N मोजा, Z लिहा आणि मगच तिसरी ओळ चालवा.