वाटणीतलं पातेलं

प्रिय,

‘वाटणी’ ही तुझी कविता तीनदा वाचली. एकूण ४६ ओळी. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि ‘मग’, ‘तेवढ्यात’, ‘दुसऱ्या दिवशी’ या शब्दांखाली रेघा मारत गेलो. अकरा रेघा झाल्या. ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘खरं तर’ यांना गोल केले, ते पाच निघाले. ‘मग’ आला की वाचणारा पुढे काय झालं ते विचारतो, आणि ‘कारण’ आला की हे पटतंय का ते तपासायला बसतो. तुझी कविता त्याला दोन्ही करायला लावते आणि दोन्ही अर्धवट सोडून देते.

सातव्या ओळीपासून अठराव्यापर्यंतचा भाग मी सलग लिहून काढला, ओळी न तोडता. काका ओट्यावर भांडी मांडतात, आजी पाटावर बसते, धाकटी काकू तांब्याची घागर धान्याच्या कोठीत लपवते. वाचायला उत्तम लागलं, काहीच हरवलं नाही. ओळ मोडून जिथे काही मिळत नाही तिथे ती मोडू नये. मुक्तछंदात ही चूक लवकर दिसत नाही. छंद असता तर त्यानेच तुला अडवलं असतं.

पण पुढच्या चार ओळी सलग केल्या तेव्हा त्या मेल्या:

पालथं पातेलं उजेडात धरून
काकू अंगठ्याने वाचते
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं
आजीचं माहेरचं नाव.

इथे ‘वाचते’वर थांबावं लागतं. काय वाचते ते कळायला एक श्वास जातो, आणि तेवढ्या वेळात अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरतो. सलग वाक्यात तो श्वास नाहीसा होतो. तुझी कविता एवढीच आहे, फार तर आणखी दोन ओळी. बाकीच्या बेचाळीस ओळी टाकायच्या नाहीत, त्यांना दुसरं घर शोधायचं आहे.

कथा घागरीत आहे. काकूला ती का हवी होती, लपवताना तिला कुणी पाहिलं का, आजीला कळलं तर ती बोलली का? तुझ्या कवितेत आजी सगळं पाहते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यानंतर त्या घरात कुणीच पूर्वीसारखं उरणार नाही, आणि असं काही घडलं की मी कथेकडे वळतो. पण मग कोण सांगतंय ते ठरवावं लागेल. लपवणारीच्या तोंडून एक कथा होईल, पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून अगदीच वेगळी. कविता गोष्ट सांगूच शकत नाही असं मी म्हणत नाही, पोवाडा सांगतोच. पण पोवाडा ऐकायला बसलेल्यांना शेवट बहुधा ठाऊक असतो. तुझ्या काकूचा शेवट आम्हाला ठाऊक नाही.

आता ‘सातबाऱ्यावर नाव नव्हतं, भांड्यांवर होतं’ ही ओळ. तुझी ही सगळ्यात आवडती ओळ असणार, आणि तिच्याबद्दलच मला शंका आहे. ती टाळी घेते आणि संपते. खरं तर तो एक दावा आहे, त्याची उलटतपासणी व्हायला हवी. लग्नातल्या भांड्यांवर बहुतेकदा देणाऱ्याचं नाव असतं, मग आजीचं कसं आलं? तिचं माहेरचं नाव सासरच्या स्वयंपाकघरात कुणी टिकू दिलं? महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क मिळाला. त्यानंतर तुझ्या घरातल्या कुणी तो मागितला, की हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या? ही सालं कवितेत घातलीस तर ती बसकण मारतील, लेखात मात्र ती चालतात. आणि शोधताना तुझा दावा खोटा ठरला तरी लेख चांगलाच होईल. कवितेला ती सोय नाही.

मी एकदा उलटी चूक केली होती. आई चुलीतली राख काढताना राखेत एक जिवंत निखारा सापडला आणि तिने तो पुन्हा झाकून ठेवला, एवढंच पाहिलं होतं. त्यावर नऊ पानांची कथा लिहिली. निखारा यावा म्हणून एक भांडकुदळ सासू उभी केली, एक मुंबईला गेलेला दीर आणला. संपादकांनी परत पाठवताना एवढंच लिहिलं की आठ पानं वाट पाहावी लागते. राग आला, पण त्यांचं मोजणं बरोबर होतं. त्या निखाऱ्यामागे कुणाला काही हवंच नव्हतं, तो फक्त दिसला होता.

तेव्हा तिन्ही एकदम लिहू नकोस. आधी चार ओळी वेगळ्या कागदावर उतरव आणि आठवडाभर त्यांना हात लावू नकोस. त्या तशाच उभ्या राहिल्या तर घागरीकडे जा. लेख सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी तुला गावी जाऊन विचारावं लागेल.

गेल्यावर ते पातेलं ज्या काकूकडे आहे तिच्याकडून मागून घे. नाव कसं कोरलंय, कुठली अक्षरं पुसट झालीत, काठाखाली तारीख आहे का, ते जसंच्या तसं उतरवून मला पाठव.

तुझा,
काका